काकींच्या खोलीतले तीन दिवे: इंटरनेटशिवाय, आवाजावर, आणि गोंगाटात कुठवर

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका जुन्या घरातलं हे काम. घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण आणि मागे न्हाणीकडे जाणाऱ्या पडवीवर पत्रा. घरातल्या काकींनी सत्तरी ओलांडलेली. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून रात्री उठायचं तर त्यांना आधी उजेड हवा असतो आणि दिव्याचं बटण मात्र दाराजवळ, पलंगापासून चार मीटरवर. धोका या चार मीटरच्या अंधारातच होता. त्यांच्या मुलाने फोनवरून चालणारे स्मार्ट बल्ब बघून ठेवले होते. पण त्या घराची फायबरची तार माडांच्या मधून खांबाखांबावरून येते. पावसात एखादी झावळी तारेवर पडली की वीज परत येते, नेट मात्र कधी येईल सांगता येत नाही. असे बहुतेक बल्ब आवाजावर चालवायचे झाले तर बोललेलं आधी बाहेरच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून हुकूम परत येतो. वीज असूनही केवळ नेट नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला अंधारात उठावं लागणं मला पटणारं नव्हतं. म्हणून घरातल्या घरात आवाज ओळखणारं छोटं मोड्यूल वापरायचं ठरलं.

दिवे तीनच घेतले: पलंगाजवळचा, न्हाणीकडच्या पडवीतला आणि वसरीतला. पंखा आणि गिझर आवाजावर द्यायला मी सुरुवातीलाच नकार दिला. मोड्यूल चुकून काही ऐकणार हे धरूनच चालायचं असतं. चुकून दिवा लागला तर काही बिघडत नाही, चुकून गिझर लागला तर बिघडतं.

हे मोड्यूल तुमचं बोलणं लिहून घेत नाही की वाक्याचा अर्थही लावत नाही. त्याच्याकडे ठरावीक हुकमांचे ठसे असतात. ऐकलेला आवाज त्यांतल्या कशाशी पुरेसा जुळला तर ते त्या हुकमाचा क्रमांक पुढे पाठवतं, नाहीतर गप्प राहतं. मी वापरलं त्या DFRobot च्या मोड्यूलमध्ये १२१ इंग्रजी हुकूम कारखान्यातूनच भरलेले आहेत आणि १७ जागा स्वतःच्या हुकमांसाठी मोकळ्या आहेत. हाक मारायचा शब्दही आपल्या आवाजात शिकवता येतो. एकेक शब्द तीनदा बोलून शिकवायचा असतो. शिकवणीत भाषेचा प्रश्न येत नाही, कारण जुळणी होते ती आवाजाशी. काकी मराठीत बोलतात, अधूनमधून कोकणीत. इंग्रजी वाक्यं त्यांच्या तोंडी बसवण्यापेक्षा त्यांचाच आवाज मोड्यूलच्या कानात बसवणं सोपं होतं.

जोडणी

मोड्यूल दोन तारांवरून (`SDA` आणि `SCL`) आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डाला जोडलं, नॅनोला चार रिलेंचा, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचांचा बोर्ड आणि त्यातले तीन रिले वापरात. वीज कशी द्यायची हे आधी बघून घेतलं. मोड्यूलला स्पीकर बोलत असताना ५ व्होल्टवर ३७० मिलिअँपिअरपर्यंत लागतात. प्रत्येक रिलेच्या कॉइलला सुमारे ७५, म्हणजे तिन्ही ओढले की २२५. नॅनोचे थोडे धरले की बेरीज ६०० च्या पुढे जाते. बोर्डावर सोल्डर करायचे जे छोटे ३ वॅटचे पुरवठे मिळतात ते ६०० मिलिअँपिअरचेच असतात. तिन्ही दिवे लागलेले असताना मोड्यूलने उत्तर दिलं की व्होल्टेज खाली बसतं, नॅनो पुन्हा सुरू होतो आणि दिवे फडफडतात. हा प्रकार दिसला की माणसं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. म्हणून सरळ ५ व्होल्ट २ अँपिअरचा मोबाइलचा चांगला चार्जर घेतला.

भिंतीवरच्या बटणाचं काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. रिले टू-वे बटणासारखा बसवता येतो, जिन्यातल्या दिव्यासारखा, म्हणजे दोन्हीकडून लावा आणि दोन्हीकडून विझवा. ऐकायला छान वाटतं. पण मग दिवा खरोखर लागलेला आहे की नाही हे नॅनोला कळत नाही. भिंतीवरचं बटण कुणी फिरवलं असेल तर काकींनी ‘लाव’ म्हटल्यावर दिवा विझेल. मी रिलेचा उघडा संपर्क भिंतीवरच्या बटणाला समांतर जोडला. दोघांतलं एक चालू असलं तरी दिवा लागतो. याची किंमत एवढीच की भिंतीवरचं बटण चालू राहिलं असेल तर आवाजाने दिवा विझत नाही. घरच्यांना बटणं बंद ठेवायची सवय लागली. मोड्यूल बिघडलं, चार्जर गेला, नॅनो अडकला, काहीही झालं तरी बटण दाबून दिवा लागतोच. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २३० व्होल्टचं हे काम वायरमनने एमसीबी पाडून केलं आणि त्या तारा ५ व्होल्टच्या बाजूपासून वेगळ्या डब्यात राहिल्या.

प्रोग्रॅम छोटा आहे. एका दिव्यापुरता असा:

```
#include "DFRobot_DF2301Q.h"
DFRobot_DF2301Q_I2C asr;
const int BED = 7;

void setup() {
  digitalWrite(BED, HIGH);
  pinMode(BED, OUTPUT);
  Serial.begin(115200);
  while (!asr.begin()) delay(1000);
  asr.setMuteMode(0);
  asr.setVolume(3);
  asr.setWakeTime(10);
}

void loop() {
  uint8_t id = asr.getCMDID();
  if (id != 0) Serial.println(id);
  if (id == 5 || id == 6) digitalWrite(BED, LOW);
  if (id == 7 || id == 8) digitalWrite(BED, HIGH);
  delay(100);
}
```

हा रिले-बोर्ड `LOW` मिळाला की ओढतो, म्हणून `pinMode` च्या आधी `HIGH` लिहिलं आहे. तसं नसेल तर वीज परत आली की दिवा क्षणभर चमकून जातो. `5` हा शिकवलेल्या हुकमांतला पहिला क्रमांक. एकाच कामाला दोन क्रमांक का दिलेत, ते पावसाबद्दल लिहिताना सांगतो.

मोड्यूल कुठे बसवायचं

मोड्यूल स्विचबोर्डाशेजारीच बसवावं असं घरच्यांचं म्हणणं होतं. वायरिंग तिथेच, भिंतही फोडायला नको. मी आधी फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने मोजून बघू म्हटलं. फोनवरचे आकडे अचूक नसतात, पण दोन जागांमधला फरक समजायला पुरतात. काकींचा नेहमीचा आवाज त्यांच्यापासून एक मीटरवर ५८ डेसिबलच्या आसपास येत होता. पंखा चारवर फिरत असताना दाराजवळ कुणी न बोलता ५०.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे काकींपासून दोन मीटरवर ५२ आणि चार मीटरवर, स्विचबोर्डापाशी, ४६. तिथे पंखा ५० वर. काकींचा आवाज पंख्याच्या आवाजाखाली ४ डेसिबलने दबलेला. आपला कान अशातूनही शब्द उचलतो, कारण आपल्याला दोन कान असतात, समोरचं माणूस माहीत असतं आणि संदर्भ माहीत असतो. मोड्यूलजवळ यातलं काहीच नाही. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे घट प्रत्यक्षात हिशेबापेक्षा थोडी कमी भरते. पण तो परतणारा आवाज उशिरा पोचतो, शब्दावर शब्द सांडतो आणि ओळख उलट अवघड करून ठेवतो. या खोलीत शहाबादी फरशी, भिंती रिकाम्या आणि पडदा एकच, तोही पातळ. पंखा बंद असताना स्विचबोर्डाजवळचं मोड्यूल बहुतेक वेळा ऐकत होतं. पंखा चारवर गेला की निम्म्याहून जास्त हाका वाया जात होत्या.

मग मोड्यूल उशाकडच्या भिंतीवर नेलं, पलंगाच्या कडेला, झोपलेल्या काकींच्या तोंडापासून साधारण अर्ध्या मीटरवर. तिथे त्यांचा आवाज ६४ आणि पंखा ५१. म्हणजे १३ डेसिबल वर. मोड्यूल तेच, शब्द तेच, पंखाही तेवढाच वेगात आणि जवळजवळ प्रत्येक हाक लागू पडू लागली. या मोड्यूलची मर्यादा सांगताना लोक ‘इतक्या मीटरवरून ऐकतं’ असं अंतर सांगतात. मला ते अपुरं वाटतं. किती मीटरवरून, यापेक्षा माइकपाशी बोलणाऱ्याचा आवाज गोंगाटाच्या किती वर आहे हेच विचारायला हवं. माझ्या अनुभवात १० डेसिबलचं अंतर राहिलं तर काम विश्वासाने चालतं, ५ च्या खाली गेलं की भरवसा ठेवू नये.

पंख्याचा दुसराही त्रास असतो आणि तो कानाला ऐकू येत नाही. पंख्याची हवा थेट माइकच्या भोकावर आली की माइकचा पडदा त्या वाऱ्याने हलतो आणि बोलण्यावर खालच्या सुरातली घरघर चढते. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे माइकच्या वरच्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून बघायचं. पंखा तसाच फिरत असताना ओळख एकदम सुधारली तर त्रास आवाजाचा नव्हे, वाऱ्याचा. इथे डब्याला काकींच्या बाजूने भोक ठेवलं, आतून पातळ फोम लावला आणि माइक भोकाला चिकटेल असा बसवला. माइक भोकापासून मागे राहिला तर डब्याच्या आत आवाज घुमतो. मोड्यूलचं स्वतःचं बोलणंही याच डब्यात घुमतं, म्हणून `setVolume` कमी ठेवला.

शब्द कोणते आणि कसे शिकवले

‘दिवा लाव’ आणि ‘दिवा बंद’ हे सगळ्यांना आधी सुचतात. शांत खोलीत दोन्ही चालतात. गोंगाटात मात्र दोघांचा पहिला अर्धा भाग सारखा असल्यामुळे सगळा निवाडा शेवटच्या एक-दोन अक्षरांवर येतो, आणि वाक्याच्या शेवटी माणसाचा आवाज उतरलेलाच असतो. म्हणून हुकूम असे घेतले की जे सुरुवातीपासून वेगळे ऐकू येतील आणि लांबीनेही वेगळे असतील: ‘उजेड पाहिजे’, ‘झोपते आता’, ‘न्हाणीकडे जाते’. काकी तसंही स्वतःशी असंच बोलतात, त्यामुळे पाठ करावे लागले नाहीत.

हाकेचा शब्द निवडणं याहून नाजूक. काकींना देवीचं नाव हवं होतं. पण ते त्यांच्या तोंडी दिवसभर असतं आणि प्रत्येक वेळी मोड्यूल ‘काय?’ म्हणून जागं झालं असतं. हाक अशी हवी की ती घरात एरवी कुणी उच्चारत नाही आणि चार-पाच अक्षरांपेक्षा छोटी नाही. शेवटी ‘चाफा मोगरा’ ठरलं. दोन्ही शब्द घरातलेच, पण जोडीने कुणी म्हणत नाही.

शिकवणी काकींच्या आवाजात, पलंगावर झोपूनच घेतली. उठून बसलेल्या माणसाचा आणि पडून बोलणाऱ्याचा आवाज वेगळा असतो, आणि त्या हाक मारणार होत्या त्या पडूनच. पंखा बंद आणि दार लोटलेलं. ठसा घेताना गोंगाट असला तर तोही ठशात जातो. याचा दुसरा परिणाम असा की सुनेच्या आवाजाला मोड्यूल तितकंसं दाद देत नाही. त्यावर काकी म्हणाल्या, “बरं झालं, माझा दिवा माझ्याच हुकमात राहील.”

टीव्ही, पत्र्यावरचा पाऊस आणि चतुर्थी

पंख्याचा आवाज एकसारखा असतो. त्याने मोड्यूल बहिरं होतं, पण भलतं काही करत नाही. टीव्हीचं तसं नाही, कारण तिथून येतं ते माणसाचंच बोलणं. बसवल्यानंतर काही दिवसांनी तक्रार आली की संध्याकाळी पडवीतला दिवा आपोआप लागतो. प्रोग्रॅममधली `Serial.println` ची ओळ अशा वेळेसाठीच ठेवलेली असते. लॅपटॉप जोडून सीरियल मॉनिटरवर वेळेसकट क्रमांक नोंदू दिले. `1` म्हणजे शिकवलेली हाक. बातम्या आणि मालिकांच्या वेळेत, शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू असताना, हा `1` अधूनमधून उमटत होता आणि कधीतरी त्याच्या मागोमाग पडवीच्या दिव्याचा क्रमांक. दुपारी, टीव्ही बंद असताना, काकींच्या हाकांशिवाय नोंदीत एकही `1` नव्हता. दोष वायरिंगचा किंवा रिलेचा असता तर दिवा लागला असता, पण क्रमांक उमटला नसता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चुकीची हाक महाग पडते ती तिच्यानंतर उघड्या राहणाऱ्या वेळेमुळे. `setWakeTime` मध्ये जितके सेकंद, तितका वेळ मोड्यूल कुठलाही हुकूम स्वीकारायला तयार. आधी तिथे १५ होते, ते १० केले. त्याहून कमी करता आले असते, पण काकी हाक मारून, उत्तर ऐकून, मग सावकाश बोलतात. त्यांना घाई करायला लावणं बरोबर नव्हतं. टीव्हीचा स्पीकर मात्र काकींच्या भिंतीला टेकलेला होता, तो समोरच्या भिंतीकडे नेला. प्रकार जवळजवळ थांबला, पूर्ण थांबेल असं मी घरच्यांना सांगितलं नाही.

पावसाचं दुखणं वेगळं. कौलांवरचा पाऊस सोसता येतो. पण काकींच्या खोलीची मागची खिडकी पत्र्याच्या पडवीत उघडते. जोराची सर आली की खिडकी लावूनही उशापाशी साठीच्या वर आवाज जातो. पत्र्यावरच्या सरीत सगळे सूर एकदम असतात, खालचे तसे वरचेही. आणि ‘च’, ‘फ’, ‘त’, ‘प’ या व्यंजनांची ओळख वरच्या सुरांतच असते, शिवाय ती मुळातच क्षीण. स्वर पोचतात, व्यंजनं बुडतात.

अशा वेळी माणूस साहजिकच ओरडून बोलतो. पण ओरडल्यावर आवाज नुसता मोठा होत नाही. सूर चढतो, स्वर लांबतात, तोंड जास्त उघडतं. शांतपणे घेतलेल्या ठशाशी तो जुळेनासा होतो. काकी जितक्या जोराने बोलत, तितकं मोड्यूल गप्प, आणि त्यांना वाटे की आपलंच काही चुकतंय. म्हणून प्रत्येक हुकूम दुसऱ्या क्रमांकावर चढ्या आवाजातही शिकवला. `5` म्हणजे नेहमीच्या आवाजातलं ‘उजेड पाहिजे’ आणि `6` म्हणजे पावसातलं. १७ जागांत सहा हुकूम दोनदा सहज बसतात. मध्यम सरीत याचा चांगला उपयोग झाला. हाकेच्या शब्दाला मात्र शिकवायची जागा एकच, त्यामुळे मुसळधार पावसात गाडी हाकेपाशीच अडते. तिथे प्रोग्रॅमने करण्यासारखं काही उरत नाही.

त्या रात्रींसाठी पलंगाच्या कडेला बेलचं साधं बटण लावलं, वायरीवर लोंबणारं, हाताला सहज सापडेल असं. ते नॅनोच्या एका पिनला जोडलंय. दाबलं की पलंगाजवळचा आणि पडवीचा असे दोन्ही दिवे लागतात. हाक नाही की हुकूम नाही. इतकंच होतं तर मोड्यूल हवं कशाला, असं मुलाने विचारलं. काकींचा उजवा हात सांधेदुखीने काही रात्री उचलत नाही, आणि बटण अंधारात कधी गादीखाली सरकतं. अशा रात्री आवाज कामाला येतो आणि पावसाच्या रात्री बटण. दोन्ही एकाच वेळी निकामी होतील अशा रात्री फार थोड्या.

चतुर्थीला या घरात माटोळीखाली घुमट आरती होते. घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं आणि वीस-पंचवीस गळे एका खोलीत. तिथून दोन दारं पलीकडे काकींची खोली. अशा वेळी मोड्यूलकडून अपेक्षा ठेवणंच चूक. न ऐकण्यापेक्षा भलतं ऐकण्याची भीती त्यात जास्त. म्हणून डब्यावर एक छोटा स्विच दिलाय. तो पाडला की नॅनो मोड्यूलकडून आलेला एकही क्रमांक मानत नाही, बेलचं बटण तेवढं चालू राहतं. आरतीच्या आधी सून तो पाडते. घर माणसांनी भरलेलं असतं, दिवा लावायला कुणीही असतं.

हे सगळं चालू लागलेलं पाहून स्वयंपाकघरातला दिवाही असाच करून द्या, हात पिठाचे असतात, असं सुनेने सांगितलं. तिथे मी फोन घेऊन उभा राहिलो. नारळाचं वाटण मिक्सरमध्ये फिरत असताना ओट्यापासून मीटरभर अंतरावर ८० डेसिबल. माणसाचा आवाज एक मीटरवर ६० धरला, तर १० डेसिबल वर राहायला माइकपाशी ९० हवेत, म्हणजे ३० ची वाढ. अंतर दर वेळी निम्मं केलं की ६ मिळतात, तर ३० साठी ते पाचदा निम्मं करावं लागतं. एक मीटरचे उरतात ३ सेंटिमीटर. मिक्सर बंद असतानाही चिमणी, प्रेशर कुकर आणि भांडी असतातच. तिथे आवाजाचं मोड्यूल बसवलं नाही. दाराच्या वर हालचाल ओळखणारा सेन्सर लावला. माणूस आत आलं की दिवा लागतो आणि कुणी नसलं की थोड्या वेळाने विझतो. तिने तो दुसऱ्या दिवशी पडवीच्या दिव्यालाही मागितला. तिथेही बसवलाय, काकींच्या आवाजाच्या रिलेला समांतरच.